सोडत की सोडून

अगं, माझ्या योगवर्गाच्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवलेत. शेवटच्या दोन पानांवर तेलाचे डाग आहेत, तिथलं अक्षर लागलं नाही तर फोन कर. तू म्हणालीस, "आत्या, तीसच तर पानं आहेत, दोन शनिवार-रविवारात इंग्रजीत उतरवते." उतरव, पण हात घालण्याआधी माझं थोडं ऐकून घे. तुझ्या मंडळातली न्यू जर्सीची मुलं हे वाचून अंग वाकवणार, श्वास रोखणार. गोष्टीच्या पुस्तकात एखादा शब्द चुकला तर अर्थ चुकतो. इथे शब्द चुकला तर मान आखडते किंवा छाती भरून येते.

हे मी अनुभवाने सांगते. इथे सोलापुरात आपल्या गच्चीवर मी सकाळचा वर्ग घ्यायचे तेव्हा एकदा शिबिराचं इंग्रजी पत्रक तयार केलं होतं. ओळ साधी होती: पूरक, मग कुंभक, मग रेचक. शब्दकोश उघडला, रेचकापुढे जो इंग्रजी शब्द दिला होता तो उतरवून घेतला. तो शब्द जुलाबाच्या औषधाचा होता. शिबिराच्या पहिल्या दिवशी एक बाई पत्रक हातात धरून माझ्याकडे आल्या आणि हळूच विचारू लागल्या, ते औषध शिबिरात मिळणार की घरून घेऊन यायचं? त्या दुसऱ्या दिवशी औषध घेऊन आल्या असत्या तर, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. शब्दकोशाने खोटं सांगितलं नव्हतं. मराठीत रेचक म्हणजे जुलाबाचं औषधही असतं, कारण दोन्ही शब्द रिकामं करण्याच्या एकाच धातूवरून आलेत. एकीकडे पोट रिकामं होतं, दुसरीकडे छाती. शब्द कुठल्या पानावर आहे हे पाहिल्याशिवाय कोश उघडायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून पहिली गोष्ट अशी की मूळ शब्द टाकून देऊ नकोस. तो तसाच ठेव आणि त्याच्याशेजारी शरीराने काय करायचं ते साध्या इंग्रजीत लिही. ही रीत माझी नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. वाचक इंग्रजी होते तरी त्यांनी आसन, प्राणायाम, बंध, मुद्रा हे शब्द तसेच ठेवले आणि क्रिया मात्र शास्त्राच्या काटेकोर इंग्रजीत सांगितली. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींचं 'लाइट ऑन योग' 1966 साली लंडनहून निघालं, त्यातही आधी संस्कृत नाव, मग त्याची फोड, मग पायरीपायरीने कृती. नाव हे हाक मारण्यासाठी असतं आणि कृती करण्यासाठी. नावाच्या भाषांतरातून कृती कळेल असं मानलं की घोटाळा सुरू होतो.

ताडासनाचंच घे. आपल्याला ताड म्हणजे झाड. ताडमाड उंच म्हणतो ते झाड. माझ्या वहीत ताडासन म्हणजे दोन्ही हात वर, बोटं एकमेकांत गुंफून तळवे आकाशाकडे, टाचा उचललेल्या. आयुष मंत्रालयाच्या योगदिनाच्या क्रमातही ताडासन असंच आहे, आणि त्याचं इंग्रजी नाव ताडाच्या झाडावरूनच दिलंय. पण अय्यंगार गुरुजींच्या पुस्तकात ताड म्हणजे पर्वत, आणि ताडासन म्हणजे हात मांड्यांशी, टाचा जमिनीवर, नुसतं ताठ उभं राहणं. संस्कृतात तोही अर्थ आहे. तुझ्या तिकडच्या बहुतेक वर्गांत 'माउंटन पोज' म्हणतात ते हेच. आता तू माझ्या पानावर ताडासन पाहून 'माउंटन पोज' लिहिलंस, तर त्याखालची माझी कृती हात वर नेऊन टाचा उचलायला सांगते आणि मुलांना वर्गात शिकलेलं आठवतं हात खाली ठेवून उभं राहणं. दोन्ही बरोबर, आणि पान मात्र चुकीचं. म्हणून तिथे नाव 'ताडासन' एवढंच ठेव. पहिल्याच वाक्यात हात कुठे आणि टाचा कुठे ते सांग, मग नावाचा वाद उरत नाही.

याहून खोल खड्डा वज्रासनाचा आहे. शेवटच्या पानावर मी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या आसनाविषयी चार ओळी लिहिल्यात. ज्ञानेश्वरांनी तिथे वज्रासन हे नाव घेतलंय. आज वज्रासन म्हटलं की गुडघे दुमडून टाचांवर बसणं, जेवणानंतर आजोबा बसायचे तसं. पण ज्ञानेश्वर सांगतात ते टाच गुदाच्या पुढे, शिवणीशी दाबून बसण्याचं आसन, मूळबंधाचं. हठयोगप्रदीपिकाही सांगते की सिद्धासनालाच काही जण वज्रासन म्हणतात. तू तिथे आजचं 'थंडरबोल्ट पोज' घातलंस तर ज्ञानेश्वरांना टाचांवर बसवशील. तेवढ्या चार ओळी मला आधी दाखव, मगच पुढे पाठव.

आणि 'पोज' या शब्दाचं म्हणशील तर तो शक्यतो टाळ. आपल्याकडेही तो शब्द आलाय, पण आपण तो कुठे वापरतो? फोटोसाठी पोज दिली, म्हणतो. तो दुसऱ्याने पाहण्यासाठी असतो. आसन हा शब्द बसणे या धातूचा आहे. ज्यावर बसायचं तेही आसन आणि बसणं तेही आसन. माझ्या वर्गातल्या बायका येताना सोलापुरी चादर चार घड्या करून आणायच्या आणि "आसन आणलं बरं का" म्हणायच्या. त्यांना शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. पतंजलींनी आसनाची खूण दोनच गोष्टींत सांगितलीय: हलू नये आणि त्रास होऊ नये. इंग्रजीत 'पोश्चर' त्यातल्या त्यात बरा. पण तोही एकदा प्रस्तावनेत सांग आणि पुढे 'आसन'च म्हण. लिहिताना पहिल्या अक्षरावर दीर्घाची रेघ दे, नाहीतर मुलं मधल्या अक्षरावर जोर देऊन 'असाना' म्हणतात आणि मग तेच कायमचं बसतं.

आता प्राणायाम. तिथल्या पुस्तकांत तुला फोड दिसेल, प्राण अधिक यम, आणि पुढे अर्थ 'ब्रेथ कंट्रोल'. फोडच चुकलीय. प्राण अधिक यम केलं तर 'प्राणयम' होईल, मधला 'णा' दीर्घ कुठून येणार? तो आयामातून येतो. आपल्या मराठीत आयाम म्हणजे लांबी-रुंदी, विस्तार. व्यायामातही हाच आयाम बसलाय. त्या शब्दात आवरण्याचा अर्थ आहे हे खरं, पण ताणून लांबवण्याचाही आहे, आणि 'कंट्रोल' म्हटलं की पहिलाच अर्थ उरतो. कंट्रोल करा म्हटलं की माणूस काय करतो ते मी गच्चीवर रोज पाहिलंय. खांदे कानाकडे जातात, गळ्याच्या शिरा दिसू लागतात, ओठ आवळले जातात. लांब करा म्हटलं की खांदे आपोआप खाली राहतात. म्हणून 'श्वास लांब आणि सारखा करणं' अशा अर्थाचं इंग्रजी लिही. प्राणाला 'ऑक्सिजन' तर मुळीच म्हणू नकोस. वहीत एका ठिकाणी 'प्राण नाभीकडे न्यावा' असं आहे, तिथे ऑक्सिजन लिहिलास तर तुझ्या मंडळातला कुठलाही डॉक्टर पुस्तक मिटून ठेवेल, आणि त्याचं बरोबर असेल. ते लक्ष नेणं आहे. 'प्राण' ठेव, आणि लक्ष नाभीशी न्यायचं असं सांग.

कपालभातीला मी वहीत 'प्राणायाम' या मथळ्याखाली ठेवलंय, ती माझी चूक आहे, तू दुरुस्त कर. हठयोगप्रदीपिकेत ती सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे, धौती-नेतीच्या पंगतीतली. भस्त्रिका मात्र आठ कुंभकांत येते. आपल्या मराठी कानाला 'भाती' ऐकून लोहाराचा भाता आठवतो आणि दोन्ही एकच वाटतात. भाता भस्त्रिकेत आहे. कपालभातीतलं 'भाती' चमकण्याचं आहे, आणि 'कपाल' म्हणजे कवटी, कपाळ नव्हे.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते. तू मराठी बोलतेस, पण इंग्रजीत विचार करायची सवय लागली की दोन मराठी रूपं एक होऊन जातात: 'सोडत' आणि 'सोडून'. वहीच्या नवव्या पानावर पश्चिमोत्तानासनात मी लिहिलंय, "श्वास सोडत पुढे वाका." अठराव्या पानावर उड्डियान बंधात लिहिलंय, "श्वास सोडून पोट आत घ्या." दोन्हीकडे इंग्रजीत 'एक्सहेल अँड' लिहिलं की झालं, असं वाटतं. नाही होत.

'सोडत' म्हणजे दोन्ही गोष्टी बरोबर चालल्यात. श्वास जितका वेळ बाहेर जातोय तितका वेळ वाकणं चालू, आणि श्वास संपला की वाकणं संपलं. मग तिथे थांबून साधा श्वास चालू ठेवायचा. माझ्या वर्गात एका मुलीने 'सोडून'सारखं केलं होतं: आधी सगळा श्वास बाहेर, मग रिकाम्या छातीने एकदम खाली. अर्ध्या वाटेत तिला हवा लागली, तिने वाकलेल्या अवस्थेतच जोरात श्वास ओढला आणि कंबरेत चमक भरली. तिथे इंग्रजीत 'ॲज यू ब्रीद आउट, बेंड फॉरवर्ड' असंच हवं. 'ॲज' सोडू नकोस.

उड्डियानात बरोबर उलटं. तिथे श्वास पूर्ण बाहेर गेला पाहिजे, नाक-घसा बंद करून श्वास बाहेरच रोखायचा आणि मग पोट आत आणि वर ओढलं जातं. श्वास जाता जाता पोट ओढलं तर पोकळी तयारच होत नाही, नुसते पोटाचे स्नायू आवळले जातात. बघून ओळखता येतं. बरोबर झालं की बरगड्यांखाली मोठी खोल वाटी पडते. चुकलं की पोट सपाट आणि टणक होतं. म्हणून तिथे तीन वाक्यं कर: पूर्ण श्वास सोडा. पुन्हा श्वास घेऊ नका. आता पोट पाठीकडे आणि वर घ्या. खाली लिही की रिकाम्या पोटीच, आणि गरोदरपणात, रक्तदाब असताना नाही. मुलांच्या पुस्तकातून ते पानच काढलंस तरी माझी हरकत नाही.

श्वास सोडण्यासाठी 'एक्सपायर' हा शब्द वापरू नकोस. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो आहे, शास्त्रीयही आहे. पण आपल्या घरात 'ते एक्सपायर झाले' म्हणतात ते कशासाठी, तुला माहीत आहे. मंडळातल्या आज्या ते वाचतील. मराठीतही श्वास सोडतात, पण प्राण सोडला म्हणजे गेला. इतकं पातळ अंतर आहे, तेव्हा 'ब्रीद आउट' हेच ठेव.

कुंभकाला फक्त 'होल्ड युअर ब्रेथ' लिहिलंस तर कुठला? घेतल्यावर रोखायचा तो आंतर, सोडल्यावर रोखायचा तो बाह्य. दुसरा जास्त कठीण. प्रत्येक वेळी 'श्वास घेतल्यावर' किंवा 'श्वास सोडल्यावर' असं लिहीच. आणि एक-चार-दोन हे प्रमाण बाविसाव्या पानावर आहे ते मात्रांचं आहे. मात्रा म्हणजे इथे मोजण्याचं माप, औषधाची मात्रा नव्हे आणि घड्याळाचा सेकंदही नव्हे. चार मोजून श्वास घेतला तर सोळा मोजेपर्यंत रोखायचा आणि आठ मोजत सोडायचा, असा त्याचा अर्थ. ते वर्षभर सराव झालेल्यांसाठी आहे. मुलांसाठी नुसतं चार मोजत घ्या, आठ मोजत सोडा, मध्ये रोखणं नाही, एवढंच लिही.

दृष्टी हा शब्द तर आपल्या गावात तीन भाषांत अडचणीचा आहे. माझ्या वर्गात अर्ध्या बायका घरी तेलुगू बोलायच्या, काही कन्नड. श्वासाला कुणी 'ऊपिरि' म्हणायची, कुणी 'उसिरु', ते पटकन जुळायचं. पण दृष्टी म्हटलं की तिघींनाही मीठ-मिरच्या ओवाळून टाकलेल्या आठवायच्या. तुझ्या मुलांनी आजीकडून दृष्ट लागल्याचं ऐकलेलं असेल, तेव्हा पहिल्यांदा हा शब्द येईल तिथे सांग की इथे तो डोळे कुठे ठेवायचे यापुरता आहे. इंग्रजीत 'व्हिजन' नको, तो दूरदृष्टीचा झाला. 'आयसाइट' नको, तो चष्म्याच्या दुकानातला. 'गेझ' चालेल, पण त्यालाही 'सॉफ्ट' जोडावं लागतं, नाहीतर टक लावणं होतं. टक लावायचं ते त्राटक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ती वेगळी क्रिया आहे. मैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या परंपरेत नऊ दृष्टी मोजतात. माझ्या वहीत तीनच आहेत, नासाग्र, भ्रूमध्य आणि हाताचा अंगठा. तू नऊ करायला जाऊ नकोस.

नासाग्रावर जरा थांब. अग्र म्हणजे टोक, तेव्हा 'नाकाच्या टोकाकडे पाहा' हे शब्दशः अगदी बरोबर. गीतेतही सहाव्या अध्यायात नाकाच्या टोकाचाच उल्लेख आहे. पण शंकराचार्यांनी तिथल्या भाष्यात स्पष्ट केलंय की 'जणू' हा शब्द तिथे गृहीत धरायचा. नाक पाहण्याचं विधान तिथे नाही, डोळे स्थिर करण्याचं आहे. नाकच पाहायचं असतं तर मन नाकावरच बसलं असतं. हे 'जणू' इंग्रजीत गळालं की मुलं डोळे तिरळे करून नाकाचा शेंडा शोधतात, पाच मिनिटांत कपाळ दुखतं आणि मग म्हणतात ध्यानाने डोकं दुखतं. मी वर्गात सांगायचे, "पापण्या अर्ध्या खाली सोडा, नाकाच्या रेषेतून समोर जमिनीवर नजर पडू द्या." तेच लिही. चुकतंय हे भुवयांवरून कळतं. त्या आक्रसल्या की डोळे पाहतायत, टेकलेले नाहीत.

भ्रूमध्याला 'थर्ड आय' म्हणण्याची तिकडे पद्धत पडलीय. ते करू नकोस. तिसरा डोळा महादेवाचा, सिद्धेश्वराच्या गावात राहून मला तो शब्द असा वापरवत नाही. वहीत फक्त 'दोन भुवयांच्या मध्ये' एवढंच आहे, तेवढंच इंग्रजीत हवं. आणि त्रिकोणासनात वरच्या अंगठ्याकडे पाहताना ज्याची मान धरते त्याने समोर पाहावं, हे मी पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय. फोटोत ते पुसट आलंय, पण ते गाळू नकोस. दृष्टी मानेसाठी बदलते.

अजून एक, लहानसं पण रोजचं. मराठीत पाय म्हणजे मांडीपासून बोटांपर्यंत सगळं, आणि हात म्हणजे खांद्यापासून. इंग्रजीत लेग वेगळा, फूट वेगळा, आर्म वेगळा, हँड वेगळा. मी "पाय उचला" लिहिलंय तिथे प्रत्येक वेळी स्वतः करून बघ, काय उचललं जातं. बसून, उभं राहून, तुझ्याच शरीराला विचार. माझ्या वहीत याची उत्तरं नाहीत. मी समोर उभी राहून दाखवायचे, त्यामुळे लिहायची गरज पडली नव्हती.

आणि एक पान झालं की ते मला वाचून दाखवू नकोस. मी नुसतं ऐकलं तरी मला बरोबर वाटेल, कारण मूळ मला पाठ आहे. ज्याला मराठी येत नाही आणि योग माहीत नाही असा कुणीतरी शेजारी बघ. त्याच्यासमोर कागद धर, तू गप्प राहा, आणि तो काय करतो ते बघ. त्याने पश्चिमोत्तानासनात आधी श्वास संपवला आणि मग वाकला, तर तुझा 'ॲज' हरवलाय. तो नासाग्र दृष्टीत तिरळा झाला, तर 'जणू' हरवलंय. ताडासनात हात खालीच राहिले, तर पहिलं वाक्य पुन्हा लिही.

नववं आणि अठरावं पान आधी घे, सुरुवातीपासून जाऊ नकोस. झालं की शेजाऱ्याने काय केलं ते मला सांग, शब्द नंतर बघू.